सॅनिटायझरचा हात, लायटरचा खटका आणि आपली दोन मिनिटांची घाई

गणपती पंधरा दिवसांवर आलेत. चाकरमान्यांच्या पिशव्यांतून, पर्समधून, गाडीच्या डॅशबोर्डवरून त्या छोट्या बाटल्या पुन्हा आपल्या घरात येतील, म्हणून हे आजच लिहितोय. लांबलचक आहे. पण ज्यांच्या घरी गॅस आहे, निरांजन आहे आणि कुठल्यातरी कपाटात सॅनिटायझरची अर्धी बाटली पडलेली आहे, त्यांनी वाचावं. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच.

मागच्या आठवड्यात एका शाळेत गेलो होतो. गाव, शाळा सांगत नाही, कारण ज्या बाईंच्या हाताला झालं त्यांची तशी विनंती आहे. शाळेत पाहुणे येणार होते. पोषण आहाराची खिचडी शिजत होती. खोलीच्या दारातच, कोरोनाच्या वेळी आणलेला तो पायाने दाबायचा स्टँड उभा. पाहुणे येणार म्हणून कोणीतरी त्यात नवीन सॅनिटायझर भरून ठेवलेलं. "ताई, हात सॅनिटाईझ करून घ्या हां, साहेब बघतील," असं कोणीतरी ओरडून गेलं. ताईंनी दोनदा पायाने दाबलं, हातावर भरपूर घेतलं, चोळलं न चोळलं तोच खिडकीतून वारा आला आणि शेगडी विझली. त्या दोन पावलं आत गेल्या, डाव्या हाताने नॉब फिरवला, उजव्या हातातल्या लायटरचा खटका दाबला.

मी दारात उभा होतो. मला आधी काही दिसलंच नाही. फक्त ताई "आई गं" म्हणाल्या आणि हात झटकायला लागल्या. बोटांच्या भोवती निळसर काहीतरी हललं, एवढंच. नशीब, शेजारी तांदूळ धुतलेल्या पाण्याची बादली होती आणि त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात घातले. मनगटावरचे केस गेले, तीन बोटं लाल झाली, अंगठीच्या खाली एक फोड आला. साडीचा पदर कमरेला खोचलेला होता म्हणून वाचल्या. पदर सुटा असता तर आज ही पोस्ट वेगळी असती.

मग नेहमीचं. "भाऊ, पेपरात नको हां." "थोडक्यात गेलं ना, कशाला वाढवता." आणि सगळ्यात भारी वाक्य एका शिकलेल्या माणसाचं: "गॅस लीक असेल हो. सॅनिटायझरने कधी आग लागते का? ते तर औषध आहे."

ही पोस्ट त्या वाक्याला उत्तर आहे.

औषध आहे म्हणे! अहो, ते काय आहे ते एकदा बाटली उलटी करून वाचा तरी. जागतिक आरोग्य संघटनेने जे दोन नुस्खे दिलेत, ज्यांच्या आधारावर २०२० मध्ये जगभर सॅनिटायझर बनलं, त्यातल्या एकात ८० टक्के इथेनॉल आहे आणि दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. बाकी थोडं हायड्रोजन पेरॉक्साईड, हात कोरडे पडू नयेत म्हणून थोडं ग्लिसरीन, आणि उरलेलं पाणी. म्हणजे बाटलीतला बहुतांश भाग शुद्ध जळणारा द्रव आहे. त्याच संघटनेच्या त्याच कागदात या दोन्हींचा फ्लॅश पॉइंट पण दिलाय. पहिल्याचा १७.५ अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा १९ अंश.

हा फ्लॅश पॉइंट म्हणजे काय, ते समजून घेतलं की अर्धा विषय संपला. द्रव कधीच जळत नाही. जळते ती त्याची वाफ. ज्या तापमानाला एखाद्या द्रवाच्या पृष्ठभागावर, ठिणगी लावली तर भडका उडेल इतकी वाफ जमते, ते तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. आपल्या जुन्या ओळखीच्या रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांच्या वर असतो. म्हणून रॉकेलच्या वातीला काडी लावल्यावर ती जरा वेळ घेते, आधी तापावी लागते. सॅनिटायझरला तापावं लागत नाही. रत्नागिरीत थंडीतल्या पहाटेसुद्धा पारा १७ च्या खाली क्वचित उतरतो, आणि स्वयंपाकघरात शेगडीशेजारी तर कधीच नाही. म्हणजे आपल्याकडे वर्षाचे बाराही महिने, दिवसाचे चोवीस तास, सॅनिटायझर पेटायला तयार अवस्थेतच असतं.

आता मला सांगा. आपल्या आईने, आजीने कधी रॉकेलने हात धुऊन काडी ओढली असती का? स्टोव्हमध्ये रॉकेल भरताना दोन थेंब हाताला लागले तर ती बाई हात साबणाने धुवायची, पुसायची आणि मगच काडीपेटीला हात लावायची. तिला कोणी डिप्लोमा दिला नव्हता. वासावरून तिला कळायचं की ही जळणारी वस्तू आहे. आणि आपण रॉकेलपेक्षा लवकर पेटणारी वस्तू दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांना, नखांच्या खाली, मनगटापर्यंत नीट चोळून शेगडीपुढे उभे राहतो. का? तर तिला लिंबाचा वास आहे आणि बाटलीवर कोरफडीचं चित्र आहे.

आता ताईंच्या हातावर नेमकं काय झालं ते बघू. पायाने दोनदा दाबलं म्हणजे साधारण तीन मिलिलिटर घेतलं असं धरा. त्यात अल्कोहोल दोन ग्रॅमच्या आसपास. "दोन ग्रॅम म्हणजे काय हो, चिमूटभर." बरोबर. पण ते दोन ग्रॅम पूर्ण जळले तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेत एक कप चहाचं पाणी उकळेल. तेवढी उष्णता दोन तळहातांवर, चार-पाच सेकंदांत. हातावरचा थर पातळ असतो, थोडं अल्कोहोल आधीच उडून गेलेलं असतं, म्हणून बऱ्याचदा नुसते केस जळतात आणि कातडी लाल होते. पण बेचक्यात, अंगठीखाली, बांगड्यांच्या मागे, नखांत जिथे द्रव साठून राहतो तिथे तो जास्त वेळ जळतो. ताईंचा फोड अंगठीखालीच का आला, याचं उत्तर हे आहे.

दुसरी गोष्ट. ही वाफ हवेपेक्षा साधारण दीडपट जड असते. ती वर उडून छपरातून निघून जात नाही, खाली उतरते आणि ओट्यावर पसरते. आणि ओट्यावर कोण असतं? शेगडी. म्हणजे हात ज्योतीला लागायलाच हवा असंही नाही. ओला हात ज्योतीच्या किंवा ठिणगीच्या जवळ गेला, मधली वाफ पेटली, की ज्योत उलटी हातापर्यंत धावत येते. लायटरची ठिणगी तर वाफ-वायू पेटवण्यासाठीच बनवलेली आहे. ती गॅस आणि अल्कोहोल असा भेदभाव करत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते. दिवसाउजेडी, खिडकीतून ऊन येत असताना ती दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. धूर नाही, काजळी नाही. माणसाला आधी चटका कळतो, आग नंतर. मग तो घाबरून हात झटकतो, आणि झटकलं की जळते थेंब उडतात पदरावर, ओढणीवर, मॅक्सीवर. आपल्याकडे बायका स्वयंपाकघरात ज्या मॅक्सी घालतात त्यातल्या कितीतरी पॉलिएस्टर मिसळलेल्या असतात. सुती कापड जळतं, हे कापड वितळतं आणि कातडीला चिकटतं.

"हे सगळं पुस्तकी आहे, असं कुठे झालंय का?" असं विचारणारे आहेतच. तर ऐका.

मार्च २०२०. लॉकडाऊन नुकताच लागलेला. हरियाणातल्या रेवाडीचा एक गृहस्थ, वय ४४. घरातच, स्वयंपाकघरात उभा राहून सॅनिटायझरने किल्ल्या आणि मोबाईल पुसत होता. बायको पलीकडे शेगडीवर स्वयंपाक करत होती. त्या माणसाने काडी ओढली नाही, लायटर दाबला नाही, गॅसला हातही लावला नाही. बाटलीतलं थोडं सॅनिटायझर त्याच्या कुर्त्यावर सांडलं. त्याची वाफ शेगडीपर्यंत गेली आणि कुर्ता पेटला. चेहरा, मान, छाती, पोट, हात असं ३५ टक्के अंग भाजलं आणि त्याला दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. देशभरच्या पेपरांत ही बातमी आली होती. नीट बघा, तो काय चुकला? तो तर सरकार सांगत होतं तेच करत होता. वस्तू स्वच्छ करत होता. फक्त जागा चुकली.

आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात, २०२० संपता संपता एक बाई घराजवळ कचरा पेटवत होती. कचऱ्यात सॅनिटायझरची बाटली गेलेली होती. भडका उडाला, ती गंभीर भाजली आणि उपचार चालू असताना गेली. रिकामी म्हणून टाकलेल्या बाटलीतसुद्धा तळाला थोडा द्रव आणि बाकी सगळी वाफ असते, हे तिला कोणी सांगितलं होतं?

कोणी सांगितलं होतं, हाच माझा प्रश्न आहे.

एकदा सांगितलं होतं, खोटं नाही बोलणार. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावायचे होते, आठवतंय? तेव्हा भारतीय सैन्यदलाकडून सूचना आली होती की दिवे, मेणबत्त्या लावण्याआधी हात साबणाने धुवा, अल्कोहोलवालं सॅनिटायझर लावू नका. अगदी योग्य सूचना. पण ती त्या नऊ मिनिटांपुरती राहिली. त्या रात्री जो नियम होता तोच दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा गॅस लावताना पण होता ना? की गॅसची ज्योत वेगळी आणि पणतीची वेगळी?

त्यानंतर काय झालं ते बघा. मार्च २०२० मध्ये केंद्राने सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू ठरवलं, २०० मिलिलिटरला जास्तीत जास्त १०० रुपये अशी किंमत बांधली. चांगलं केलं. मग जुलैमध्ये विक्रीसाठीचा औषध परवाना लागणार नाही असं जाहीर केलं. तेव्हाची गरज होती, मान्य. पण परिणाम काय? जी वस्तू मेडिकलच्या काउंटरवर, निदान एका फार्मासिस्टच्या हातून यायची, ती किराणा दुकानात, स्टेशनरीत, पानटपरीवर बिस्किटाच्या पुड्याशेजारी आली. वस्तू गावागावात पोचली, तिच्यासोबत जायला हवी होती ती एक ओळ मात्र पोचली नाही. बाटलीवर ती ओळ असते. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, बारकोडच्या शेजारी. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी ती वाचावी अशी अपेक्षा आहे का कोणाची?

आणि आम्ही पत्रकार? आमचीही लाज काढतो. त्या दोन वर्षांत मी रोज संध्याकाळी आकडे टाईप केले. आज इतके पॉझिटिव्ह, इतके डिस्चार्ज. कुठल्या ग्रामपंचायतीने किती लिटर सॅनिटायझर वाटलं, कोणाच्या हस्ते वाटलं, फोटोत डावीकडून कोण उभं आहे, सगळं छापलं. वाटलेल्या बाटलीने हात ओला असताना गॅस लावू नका, ही एक ओळ मी एकाही बातमीच्या शेवटी टाकली नाही. सुचलंच नाही. त्या शाळेच्या दारात उभा राहीपर्यंत सुचलं नव्हतं.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशी पण दोन शब्द. तुम्ही ते फॉरवर्ड पाठवणारे. "गाडीत सॅनिटायझर ठेवलं तर उन्हाने स्फोट होतो." "सॅनिटायझर लावलेला हात दिवसभर पेटू शकतो." बंद करा हे. उन्हात तापलेल्या गाडीत बाटली फुगेल, झाकणातून गळेल, पण ठिणगी किंवा ज्योत नसेल तर अल्कोहोल आपोआप पेटायला साडेतीनशे अंशांच्या वर तापमान लागतं. तेवढी गाडी तापली तर सॅनिटायझरची काळजी करायला आत कोणी उरणार नाही. गाडीत बसून हात ओले असताना सिगारेट पेटवली तर मात्र गोष्ट वेगळी. धोका उन्हाचा नाही, काडीचा आहे.

आणि वाळलेला हात पेटत नाही. हे पण तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. जर्मनीत सातशेहून जास्त रुग्णालयांची पाहणी करून २००७ मध्ये एक अभ्यास छापून आला. तिथे डॉक्टर-नर्स वर्षानुवर्षं दिवसातून कितीतरी वेळा अल्कोहोलने हात चोळतात. एवढ्या प्रचंड वापरात आगीच्या घटना निघाल्या फक्त ७, आणि त्याही गंभीर नव्हत्या. का? कारण तिथे हात वाळेपर्यंत चोळायचे ही सवय लावलेली आहे. म्हणजे वस्तू वाईट नाही. अल्कोहोल उडून गेलं की मागे उरतं थोडं पाणी आणि ग्लिसरीन, आणि त्याने भडका उडत नाही. सगळा खेळ त्या अर्ध्या-एक मिनिटाचा आहे. जर्मन नर्स ते अर्धं मिनिट देते. आपण "साहेब बघतील" म्हणून देत नाही.

मग हात वाळला हे ओळखायचं कसं? आपल्या कोकणात हा प्रश्न खरा आहे, कारण पावसाळ्यात इथे काहीच धड वाळत नाही. सोपी खूण सांगतो. सॅनिटायझर लावल्यावर हाताला गार लागतं ना, ते अल्कोहोल उडताना लागतं. जोपर्यंत गार लागतंय तोपर्यंत ते उडतंय, म्हणजे वाफ आहे, म्हणजे ज्योतीपासून लांब. गारवा थांबला, वास गेला, बोटं एकमेकांवर सरकायची थांबली, की झालं. हे व्हायला नीट चोळलं तर वीस ते तीस सेकंद लागतात. जास्त घेतलं असेल, किंवा जेल असेल, तर अधिक. अंगठी आणि बांगड्या फिरवून त्यांच्या खालची जागा बघायची. आणि दमट हवेत शंका आली तर ओलावा पाण्याचा असेल असं समजू नका, अल्कोहोलचा आहे असंच धरा आणि थांबा. फुंकर मारून किंवा शेगडीवर हात शेकून वाळवणारे महाभाग पण पाहिलेत मी. त्यांना हात जोडून नमस्कार. वाळलेले हात.

पण खरं सांगू? स्वयंपाकघरापुरता हा सगळा हिशोब करायची गरजच नाही. कारण तिथे सॅनिटायझरचं कामच नाही. आत्ताच बांगडे साफ केलेत, हाताला खवले आणि रक्त आहे. किंवा भाकरीचं पीठ, खोबरेल तेल, हळद लागलीय. अशा मळलेल्या, तेलकट हातावर सॅनिटायझर धड काम करत नाही. ते घाणीच्या थरावरच फिरतं. हात उघड उघड मळलेले असतील तर साबण आणि पाणीच वापरा, हे जागतिक आरोग्य संघटना पण सांगते. जुलाब-उलट्या करणाऱ्या काही विषाणूंवर तर अल्कोहोलपेक्षा साबणाने चोळून धुणंच चांगलं चालतं. म्हणजे ज्या खोलीत नळ आहे, साबणाची वडी आहे आणि समोर ज्योत आहे, त्या खोलीत आपण कमी उपयोगाची आणि पेटणारी वस्तू आणून ठेवतो. ह्याला स्वच्छता म्हणायचं की दिखावा?

साबणाने धुतलेले हातही पुसूनच गॅसकडे जायचं, ही जुन्या बायकांची शिस्त आहे. पाण्याने आग लागत नाही, बरोबर. पण ओल्या हाताने काडी भिजते, पेटत नाही. लायटर निसटतो, नॉब घसरतो. आणि आपण दुसरी काडी शोधेपर्यंत गॅस सुरूच राहतो आणि जमत जातो. मग तिसऱ्या काडीला जो भडका होतो त्याला आपण "गॅसने खाल्लं" म्हणतो. म्हणून क्रम असा: हात धुवा, फडक्याने कोरडे करा. काडी वापरत असाल तर आधी काडी पेटवा, मग नॉब फिरवा. लायटर असेल तर तो आधी बर्नरशी धरा, मग नॉब, आणि लगेच खटका. पेटला नाही तर नॉब बंद करा, खिडकी उघडी ठेवा, थोडं थांबा आणि मग पुन्हा. यात कुठेही सॅनिटायझर येत नाही, हे लक्षात घ्या.

आता गणपतीचं. दारात सॅनिटायझर, आत आरती. पाहुणा येतो, चपला काढतो, पर्समधली बाटली काढून हातावर घेतो, दुसऱ्या मिनिटाला आरतीचं ताट फिरत येतं. निरांजनावर दोन्ही तळवे धरायचे आणि चेहऱ्यावरून फिरवायचे. विचार करा, ओले तळवे ज्योतीवर आणि लगेच चेहऱ्याकडे. कापूर लावणारा पोरगा तर ज्योतीच्या सगळ्यात जवळ. लहान मुलं हाताला लावलेलं नीट चोळत पण नाहीत, त्यांना ते गार गार लागतं म्हणून मजा वाटते. घराच्या दारात एक बादली पाणी, तांब्या आणि साबण ठेवा ना. आपल्याकडे बाहेरून आल्यावर पाय धुवायची पद्धत होतीच, हातही धुतील लोक. ज्याला पर्समधलीच बाटली वापरायची असेल त्याने ती अंगणात वापरावी आणि मंडपात वाळलेल्या हाताने यावं. यजमानाने सांगायला लाजू नये. "काका, हात सुकू दे हां, मग आरती घ्या," एवढंच.

आणि तरीही झालंच तर? हात झटकू नका, धावू नका. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, तेलासारखं वर तरंगत नाही, त्यामुळे हाताची आग पाण्यात हात बुडवून विझते. ताईंनी भीतीपोटी जे केलं तेच बरोबर होतं. पाणी जवळ नसेल तर जाड ओलं सुती फडकं गुंडाळा. कपडा पेटला तर थांबा, जमिनीवर आडवे व्हा आणि लोळा. दुसऱ्याने सतरंजी किंवा गोधडी टाकावी. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा. मग भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस, दोन नाही. सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या काढा. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बर्फ काहीही लावू नका. फोड फोडू नका. चेहरा, बोटं, सांधे भाजले असतील किंवा जागा तळहातापेक्षा मोठी असेल तर १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. गॅस गळतीची शंका असेल तर १९०६.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. शाळा आणि अंगणवाड्यांच्या स्वयंपाकाच्या खोलीतून ते स्टँड उद्याच्या उद्या बाहेर काढा, वर्गाच्या बाजूला व्हरांड्यात ठेवा, आणि आत साबण, नळ आणि कोरडं फडकं द्या. शेगडीच्या वर मराठीत पाटी लावा: "सॅनिटायझरचा ओला हात, गॅसला लावू नका". फळ्यावरच्या खडूने लिहिली तरी चालेल, टेंडर नको. ऑफिसात, पंचायतीत मुदत संपलेले पाच-पाच लिटरचे कॅन पडून आहेत. ते कोणीतरी बंब नाहीतर चूल पेटवायला घरी नेणार, हे मी लिहून देतो. जळत्या लाकडावर अल्कोहोल ओतलं की ज्योत धारेवरून चढत बाटलीत शिरते आणि ओतणाऱ्याच्या अंगावर येते. ते कॅन कचऱ्यात न फेकता, न वाटता, नीट नोंद करून विल्हेवाट लावा. आणि बाटली विकणाऱ्यांनी "ज्वलनशील" हा शब्द मराठीत, ज्योतीच्या चित्रासकट, समोरच्या बाजूला छापावा. लिंबाचं चित्र छापायला जागा मिळते, ज्योतीच्या चित्राला का नाही?

परवा ताईंना फोन केला होता. फोड सुकतोय म्हणाल्या. अंगठी अजून घालता येत नाही. मी विचारलं, स्टँडचं काय झालं? म्हणाल्या, "हाय तिथंच हाय भाऊ. मी माझ्यापुरती साबणाची वडी आणून ठेवलीय."

स्वतःच्या पैशाने आणलेली दहा रुपयांची वडी. उत्तर तेवढंच होतं, आणि ते शोधायला एका बाईला बोटं भाजून घ्यावी लागली. तुमच्या गावच्या शाळेत स्टँड कुठे उभा आहे ते उद्या जाऊन बघा आणि खाली कमेंटमध्ये सांगा. फोटो टाकू नका, कोणाची नोकरी नको जायला. फक्त स्टँड हलवा.